दीडशे शब्द, सात मिनिटे

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा मुख्य परीक्षेत राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध हा वैकल्पिक विषय घेणाऱ्याला दोन पेपर लिहावे लागतात. प्रत्येक पेपर 250 गुणांचा आणि तीन तासांचा. पेपरात आठ प्रश्न असतात आणि त्यांतले पाच सोडवायचे असतात. पहिला आणि पाचवा सक्तीचा. उरलेले तीन आपल्या पसंतीचे, पण पेपराच्या दोन्ही विभागांतून किमान एक तरी घ्यावाच लागतो. ऐकायला हे सोपे वाटते. ‘पाचच प्रश्न’ म्हणून नवखे विद्यार्थी निश्चिंतही होतात. प्रत्यक्षात सक्तीच्या दोन्ही प्रश्नांत दहा-दहा गुणांचे पाच उपप्रश्न असतात आणि बाकीच्या तिन्हींत एक वीस गुणांचा आणि दोन पंधरा गुणांचे. म्हणजे तीन तासांत एकूण 19 स्वतंत्र उत्तरे लिहायची असतात.

सुरुवातीची पाच मिनिटे प्रश्नपत्रिका वाचण्यात आणि प्रश्न निवडण्यात जातात, जायलाच हवीत. उरली 175 मिनिटे. पाच प्रश्नांना वाटली तर प्रत्येकी 35. दहा गुणांच्या उपप्रश्नाला सात मिनिटे, पंधराच्या उपप्रश्नाला साडेदहा, विसाच्या उपप्रश्नाला चौदा. उत्तरलेखनाच्या सरावाबद्दल जे काही बोलायचे ते या तीन आकड्यांपासून सुरू होते. पेपर सकाळी नऊला सुरू होत असेल तर 9:05, 9:40, 10:15, 10:50 आणि 11:25 ही पाच प्रश्नांच्या आरंभाची वेळ. या पाच वेळा पाठ झालेल्या हव्यात, कारण परीक्षेच्या हॉलमध्ये भागाकार करायला सवड नसते.

शब्दमर्यादेचे गणितही यातूनच येते. सक्तीच्या दोन प्रश्नांत प्रत्येक उपप्रश्न सुमारे 150 शब्दांत लिहा, असे प्रश्नपत्रिकेतच छापलेले असते. पंधरा आणि वीस गुणांच्या उपप्रश्नांना मात्र तशी मर्यादा सहसा दिलेली नसते. तिथे विद्यार्थी आणि शिक्षक अनुक्रमे दोनशे आणि अडीचशे शब्दांचा अंदाज धरून चालतात. तो अंदाज बरोबर आहे, कारण घड्याळ त्याहून जास्त देतच नाही. सगळे मिळून साडेतीन हजारांच्या आसपास शब्द होतात. सात मिनिटांतले एक मिनिट विचाराला दिले तर सहा मिनिटांत दीडशे शब्द, म्हणजे मिनिटाला पंचवीस. हा वेग सुवाच्य अक्षरात, सलग तीन तास टिकवायचा असतो. आणि वैकल्पिक विषयाचे दोन्ही पेपर एकाच दिवशी असतात, सकाळी पहिला आणि दुपारी दुसरा. सराव नेहमी एकेका पेपराचाच केला असेल तर दुपारी हात किती जड होतो याचा अंदाज परीक्षेच्या दिवशीच पहिल्यांदा येतो.

माझ्याकडे तपासायला येणाऱ्या उत्तरांत अभ्यास कमी पडलेली उत्तरे असतातच. पण जास्त उत्तरे अशी असतात की लिहिणाऱ्याला विषय चांगला माहीत आहे आणि नेमके काय गाळायचे ते त्याने ठरवलेले नाही. सात मिनिटांत एक म्हणणे मांडता येते, त्याला एक आधार देता येतो, त्यावरचा एक आक्षेप तपासता येतो आणि शेवटी आपला कौल देता येतो. याहून जास्त काही मावत नाही. जो विद्यार्थी हे मान्य करत नाही, त्याची पहिली चार उत्तरे देखणी होतात आणि शेवटची तीन कोरी राहतात.

एक प्रश्न घेऊन बघू. पहिल्या पेपराच्या अभ्यासक्रमात भारतीय राजकीय विचारवंतांमध्ये डॉ. आंबेडकर आहेत. त्यावर सरावासाठी मी मुलांना देतो तो प्रश्न असा: ‘सामाजिक लोकशाहीशिवाय राजकीय लोकशाही टिकू शकत नाही, या डॉ. आंबेडकरांच्या भूमिकेचे टीकात्मक परीक्षण करा.’ दहा गुण, दीडशे शब्द.

मराठी माध्यमाच्या मुलांची बरीच उत्तरे इथे जन्मापासून सुरू होतात. 14 एप्रिल 1891, महू, मग कोलंबिया विद्यापीठ, मग मसुदा समितीचे अध्यक्षपद, मग संविधानाचे शिल्पकार. आदर खरा आहे, माहितीही खरी आहे, पण चाळीस-पन्नास शब्द खर्ची पडले तरी ‘सामाजिक लोकशाही’ हे शब्द अजून कागदावर आलेले नाहीत. परीक्षकाला बाबासाहेब कोण होते ते माहीत आहे. त्याने विचारले आहे ते त्यांच्या एका युक्तिवादाबद्दल. उत्तर तपासताना मी पेन्सिलीने एक खूण करतो: प्रश्नातल्या मुख्य संकल्पनेला उत्तराने पहिल्यांदा हात घातला ती जागा. दीडशे शब्दांच्या उत्तरात ही खूण पहिल्या दोन ओळींत पडली पाहिजे. ती अर्ध्या पानावर गेली की पुढचे सगळे घाईत उरकलेले असणार, हे न वाचताही कळते.

आता पहिले एक मिनिट. प्रश्नात दोन गोष्टी आहेत. एक, आंबेडकर असे का म्हणतात. दोन, ‘टीकात्मक परीक्षण’. दुसऱ्या भागात शिव्या द्यायच्या नाहीत, तसेच ‘मात्र काही टीकाकारांना हे मान्य नाही’ एवढे म्हणून सुटकाही होत नाही. भूमिका कुठे खरी ठरते आणि कुठे अनुभव वेगळे सांगतो ते दाखवायचे असते. समासात पेन्सिलीने चार शब्द पुरतात: त्रयी, श्रेणी, उलट, कौल. स्वातंत्र्य-समता-बंधुतेची त्रयी म्हणजे संकल्पना. श्रेणीबद्ध विषमता म्हणजे कारण. राजकीय लोकशाहीनेच सामाजिक बदल घडवला हा उलट पुरावा. आणि शेवटी कौल. या चार शब्दांवरून लिहिलेले उत्तर साधारण असे होते:

‘आंबेडकरांच्या मते लोकशाही ही केवळ मतदानाची व शासनाची पद्धत नसून एकत्र जगण्याची रीत आहे. म्हणून स्वातंत्र्य, समता व बंधुता यांना ते एकमेकांपासून तोडत नाहीत. समतेविना स्वातंत्र्य हे मूठभरांचे वर्चस्व बनते आणि बंधुतेविना दोन्ही केवळ कायद्याच्या बळावर उभी राहतात.

या भूमिकेचे मूळ जातीच्या विश्लेषणात आहे. श्रेणीबद्ध विषमतेत बहुतेक जातींना आपल्याहून खालची जात सापडते. त्यामुळे समान हितासाठी एकत्र येणे अवघड होते. नोव्हेंबर 1949 मध्ये संविधान सभेत त्यांनी मताची समता व जीवनातील विषमता यांतील विसंगतीचा इशारा दिला तो यामुळेच.

भारतीय अनुभव मात्र उलट दिशेचाही दाखला देतो. राजकीय लोकशाहीनेच वंचित समूहांना संघटन, प्रतिनिधित्व व हक्कांची साधने दिली. जातींच्या या राजकीयीकरणाकडे रजनी कोठारींनी लक्ष वेधले आहे.

तरीही मतपेटीने जातींना सत्तेत वाटा दिला, जात मोडली नाही. राजकीय लोकशाही सामाजिक लोकशाहीविना काही काळ तग धरू शकते, तिला बळही देऊ शकते. ती समाजात रुजण्यासाठी मात्र आंबेडकरांची अट आजही लागू आहे.’

उत्तर दीडशेच्या आत बसले आहे. यात चार परिच्छेद आहेत आणि प्रत्येकाला एकच काम आहे. पहिला परिच्छेद संकल्पना सांगतो, पण व्याख्या म्हणून नव्हे. त्यात प्रश्नाचे अर्धे उत्तर आलेले आहे. तिसऱ्या परिच्छेदात कोठारींचे नाव आहे, कारण तिथे ते म्हणण्याला आधार देते. विचारवंतांची नावे पेरण्याची एक सवय असते: एका वाक्यात आंबेडकर, गांधी, रॉल्स आणि अमर्त्य सेन. चारांतल्या एकाचेही म्हणणे सांगितलेले नसते. नाव काढून टाकले तरी वाक्याचे काही बिघडत नसेल तर ते नाव तिथे नकोच होते.

काय गाळले तेही बघण्यासारखे आहे. त्याच भाषणात बाबासाहेबांनी व्यक्तिपूजेबद्दल आणि सांविधानिक मार्ग सोडण्याबद्दलही बजावले होते. ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’, म्हणजे 1936 चे, लाहोरला होऊ न शकलेले भाषण, गाळले. राज्यघटनेतली कलमे गाळली. अभ्यास केलेल्या माणसाला हे सोडताना त्रास होतो, पण प्रश्न या गोष्टींचा नव्हता. हाच प्रश्न वीस गुणांना आला तर चौदा मिनिटे आणि शंभर शब्द जास्त मिळतात. ते शंभर शब्द कुठे जावेत? प्रस्तावना फुगवण्यात नाही आणि जास्त नावांतही नाही. ते तिसऱ्या आणि चौथ्या परिच्छेदात जायला हवेत. राखीव जागा आणि पंचायतींतले प्रतिनिधित्व यांनी नेमके काय साधले, बंधुता कायद्याने का आणता येत नाही, आर्थिक विषमतेचा प्रश्न आंबेडकर याच चौकटीत कसा आणतात, हे तिथे उलगडायचे. जास्त गुण जास्त खोलीला असतात. वीस गुणांच्या उत्तरात जास्तीचे परिच्छेद असूनही वाद पुढे सरकलेला नसेल, तर ते दहा गुणांचेच उत्तर ताणून लिहिलेले आहे.

राज्यशास्त्राच्या पेपरात आणखी एक घसरण हमखास होते. सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या पेपरातही राज्यव्यवस्था असते आणि मुले तीच उत्तरे इथे आणतात. संघराज्यावर प्रश्न आला की सातवी अनुसूची, कलम 356, सरकारिया आयोग, 1994 चा बोम्मई खटला, पुढे काय करावे याच्या सूचना. सामान्य अध्ययनात हे चालून जाईल. वैकल्पिक विषयात परीक्षक या तपशिलांमागची मांडणी शोधत असतो. के. सी. व्हिअर भारताला अर्धसंघराज्य का म्हणतात, ग्रॅनव्हिल ऑस्टिन त्याच रचनेत सहकार्य का पाहतात आणि मॉरिस-जोन्स केंद्र-राज्य संबंधांना सौदेबाजीचे संघराज्य का म्हणतात, या तीन वाचनांपैकी बोम्मई निकालानंतर कोणते जास्त पटते ते सांगितले की तोच तपशील राज्यशास्त्राचे उत्तर होतो. दुसऱ्या पेपरात भारताच्या परराष्ट्र धोरणावर लिहिताना वर्तमानपत्रातल्या भेटीगाठी आणि करार यांची जंत्री होते, तिचेही दुखणे हेच.

मराठीतून लिहिणाऱ्याला थोडी वेगळी तयारी लागते. प्रश्नपत्रिका हिंदी आणि इंग्रजीत छापलेली असते, उत्तर मराठीत लिहायचे असते. म्हणजे पहिल्या मिनिटात वाचनाबरोबर भाषांतरही होते आणि प्रश्नाचा रोख तिथेच निसटू शकतो. ‘कमेंट’, ‘डिस्कस’, ‘क्रिटिकली एक्झॅमिन’ या सगळ्यांचे मनातल्या मनात ‘माहिती लिहा’ असे होऊन जाते. म्हणून सरावाचे प्रश्न मराठीत घेऊ नयेत. मागच्या वर्षांच्या मूळ प्रश्नपत्रिकांतूनच घ्यावेत. मी वर दिलेला प्रश्नही मुलांसमोर इंग्रजीतच ठेवतो. पारिभाषिक संज्ञेपुढे कंसात इंग्रजी शब्द देण्याची मुभा आयोगाने दिलेली आहे. ती एखाद्या अवघड संज्ञेला वापरावी, प्रत्येक ओळीत नको, कारण प्रत्येक कंस दोन-तीन सेकंद खातो आणि एकोणीस उत्तरांत ती मिनिटे होतात. ‘हेजिमनी’साठी आज ‘वर्चस्व’, उद्या ‘धुरीणत्व’, परवा ‘प्रभुत्व’ असे झाले तर परीक्षक गोंधळतो आणि लिहिणाराही अडखळतो. संज्ञांची एक वही करून प्रत्येकीला एकच मराठी शब्द पक्का करावा. राज्यसेवा मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाल्यावर तर ही वही राज्यसेवेच्या मुलांनाही लागते. आधी पर्याय निवडण्याची सवय असलेल्या हातांना पूर्ण वाक्य लिहायची सवय करायची आहे.

सराव कसा करावा, यावर माझे मत आग्रही आहे. पहिल्याच दिवशी तीन तासांची टेस्ट देऊ नये. ती दिली तर एवढेच कळते की पेपर पूर्ण झाला नाही. का झाला नाही ते कळत नाही. आधी रोज दोन उत्तरे, आणि दोन्ही घड्याळ लावून. उत्तर सुरू करताना समासात वेळ लिहावी, पहिले वाक्य कागदावर पडले तेव्हा पुन्हा लिहावी, संपल्यावर तिसऱ्यांदा. मग शब्द मोजावेत. या तीन नोंदी आणि शब्दसंख्या यांवरून दुखणे कुठे आहे ते निश्चित करता येते.

पहिल्या दोन नोंदींत तीन-चार मिनिटांचे अंतर असेल तर विषय माहीत आहे, पण तो वापरायच्या रूपात डोक्यात नाही. त्याला उत्तरे लिहून उपयोग नाही, आराखडे करावेत. मागच्या वर्षांचे दहा प्रश्न घ्यावेत आणि प्रत्येकाचा चार शब्दांचा आराखडा एका मिनिटात करावा. उत्तर लिहूच नये. विचार लवकर सुरू झाला, सात मिनिटे पूर्ण वापरली, पण शब्द नव्वदच झाले, तर हात संथ आहे. त्याला लेखनाचाच सराव हवा, आणि पेन, बसणे, अक्षराचा आकार यांकडेही बघावे लागते. शब्द दीडशे झाले, वेळही पाळली, पण प्रश्नाचा दुसरा भाग आलाच नाही, तर प्रस्तावनेने जागा खाल्ली. चौथा प्रकार फसवा असतो. वेळ बरोबर, शब्द बरोबर, भागही सगळे आलेले, आणि तरी उत्तर सपाट. अशा उत्तराचे शेवटचे वाक्य वाचावे. ते प्रश्न न वाचताही लिहिता आले असते का? ‘अशा प्रकारे लोकशाही बळकट करण्यासाठी सर्वांनी प्रयत्न करणे आवश्यक आहे’ हे वाक्य कोणत्याही प्रश्नाखाली बसते, म्हणून ते कोणत्याच प्रश्नाचे उत्तर नसते.

तपासून आलेले उत्तर बाजूला ठेवून पुढच्या प्रश्नाकडे जाणे ही सरावातली मोठी उधळपट्टी. तेच उत्तर दोन दिवसांनी पुन्हा सात मिनिटांत लिहावे, आधीचे न बघता. सुधारणा हातात उतरली की नाही ते तेव्हाच दिसते. टॉपर्सच्या कॉपी वाचणाऱ्यांनाही माझे हेच सांगणे असते: आधी तो प्रश्न स्वतः लिहा, मग कॉपी उघडा.

प्रश्नांची निवड हा वेळेचाच भाग आहे, पण त्याचा सराव फारसा कुणी करत नाही. दुसरा, तिसरा, चौथा आणि सहावा, सातवा, आठवा या प्रश्नांतून तीन निवडायचे असतात. वीस गुणांचा आवडता उपप्रश्न दिसला की मूल तिथेच भाळते. त्या प्रश्नातले पंधरा-पंधराचे दोन मिळून तीस गुण असतात, हे नंतर लक्षात येते. म्हणून प्रश्न त्याच्या सगळ्यांत कच्च्या उपप्रश्नावरून जोखावा. ज्याचा एकही उपप्रश्न कोरा राहणार नाही तो प्रश्न घ्यावा, मग त्यात जिवाभावाचे काही नसले तरी चालेल. एकदा प्रश्न सुरू करून सोडायची वेळ आली तर लिहिलेले सगळे खोडावे. न खोडलेला प्रयत्न अर्धवट असला तरी क्रमाने मोजला जातो, आणि त्यामुळे पुढे लिहिलेला पूर्ण प्रश्न तपासणीतून बाहेर पडू शकतो.

लिहिण्याचा क्रम आपल्या हातात असतो. मी सक्तीचे दोन्ही प्रश्न आधी संपवायला सांगतो. दहाही उत्तरांना मर्यादा ठरलेली असल्यामुळे तिथे वेळ हाताबाहेर जाण्याची शक्यता कमी असते, आणि सव्वादहापर्यंत शंभर गुणांचे लिखाण झालेले असते. काही जण एक सक्तीचा, एक लांब, पुन्हा एक सक्तीचा असे लिहितात. हातालाही बदल मिळतो. दोन्ही रीती तीन-चार पूर्ण पेपरांत करून पाहाव्यात आणि 9:40, 10:15 या खुणांवर आपण कुठे होतो त्याची नोंद ठेवावी. खूण पाच मिनिटांनी चुकली असेल तर पुढच्या एकाच उत्तरात ती भरून काढायला जाऊ नये. पुढच्या पाच उत्तरांतून एकेक मिनिट काढावे.

आणि तरीही पावणेबारा वाजले आणि पंधराचे दोन उपप्रश्न उरले, तर? चांगली मुलेही इथे एकच मन लावून लिहितात आणि दुसरा सोडतात. हिशोब करा. एका उत्तरात पहिले पाच-सहा गुण नेमकी संकल्पना, एक आधार आणि स्पष्ट कौल यांवर मिळून जातात. त्यापुढचा प्रत्येक अर्धा गुण महाग असतो. म्हणून दोन्हींना सात-सात मिनिटे द्यावीत. दोन्हींत पहिला परिच्छेद थेट उत्तराचा असावा, मधले मुद्दे पूर्ण वाक्यांतच पण आखूड, आणि कौलाचे शेवटचे वाक्य आधीच ठरवलेले. एक मिनिट उरते, ते कोऱ्या पानांवर रेघ मारायला ठेवावे.